बिनकवळीचा आवाज

माझ्या थोरल्या भावाच्या फोनला त्याचा आवाज शिकवायला म्हणून मी गेलो आणि माझाच आवाज शिकवून परत आलो. वर त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "आण्णा, झालं काम. आता हा फोन जगात फक्त तुमचं ऐकणार."

चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती माझ्यासारख्या हुशार माणसालाच जमण्यासारखी आहे. आण्णांना दिसत नाही. काचबिंदूनं आधी कडेकडेचं नेलं, मग मधलंही. फोनवर आवाजाची ओळख बसवायची तर पडद्यावर वाक्यं येतात आणि ती मालकानं म्हणायची असतात. आधी फोनला जागं करायची हाक, मग तीच हाक घालून दोन-चार छोटी वाक्यं. (ती हाक मी इथं लिहीत नाही. कुणी हे मोठ्यानं वाचत असेल तर त्याच्या खिशातला फोन उगाच 'ओ' द्यायचा.) आण्णांना पडदा दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवायचो, "आण्णा, आता असं म्हणा," आणि पुढे स्पष्ट, खणखणीत आवाजात ती हाक. आण्णा तोंड उघडेपर्यंत फोननं बरोबरची खूण करून पुढचं वाक्य समोर आणलेलं असायचं. मला वाटलं, काय चपळ यंत्र आहे! आण्णांनीही मागून सगळी वाक्यं मनापासून म्हटली. फोन तेव्हा पुढच्या वाक्यासाठी माझ्या तोंडाकडे कान लावून बसला होता.

आता कुणी विचारेल, एवढी चूक लगेच कशी लक्षात आली नाही? तर आमचे आवाज. आम्हा दोघा भावांत बारा वर्षांचं अंतर, अंगकाठी वेगळी, अक्कल तर फारच वेगळी. आवाज मात्र एकाच घागरीतून ओतल्यासारखा. घरात तारेचा फोन होता तेव्हा एकदा वहिनींनी माहेरहून फोन केला आणि मी 'हॅलो' म्हटल्यावर खतापासून ते त्यांच्या भावाच्या लग्नातल्या मानपानापर्यंत आण्णांच्या वाटची सगळी बोलणी मला ऐकवली. मी मधे बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "आता धाकट्याचा आवाज काढून सुटू नका." वहिनी जिथं फसल्या तिथं फोनची काय कथा? आण्णांनी हाक मारली की बऱ्याचदा तो माझ्या आवाजाच्या भरवशावर त्यांना ओ द्यायचा. कधी द्यायचा नाही, तेव्हा आण्णा म्हणायचे, "रेंज नसंल."

वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आण्णा वस्तीवर एकटे राहतात. वस्ती म्हणजे नगरहून पारनेरच्या अंगाला जाताना फाटा फुटतो, तिथून आत, कांद्याच्या शेतांमधलं तीन खोल्यांचं घर, गोठा आणि पाण्याचा हौद. दोन गाई आहेत. शेत वाटेकरी करतो, तो दिवस वर आल्यावर येतो. दूध न्यायला एक दूधवाला सकाळी मोटरसायकल घेऊन येतो. मी नगरात ठिबकच्या सामानाचं दुकान चालवतो आणि आठवड्यातून एकदा वस्तीवर जाऊन आण्णांना सल्ले देऊन येतो. ते सल्ले ऐकून घेतात आणि मला जेवायला घालतात.

थंडीच्या सुरुवातीला आण्णा पहाटे हौदापाशी घसरले. उजवं मनगट मोडलं. बटणांचा जुना फोन, ज्यावर बोटांनी चाचपून ते नंबर लावायचे, तो हौदात गेला. दूधवाला येईपर्यंत ते तिथंच ओल्यात पडून होते. गाई हंबरत होत्या म्हणून तो मागच्या बाजूला बघायला गेला, नाहीतर किटली उचलून निघाला असता.

त्यानंतर त्यांची लेक पुण्याहून आली आणि तिनं एकच वाक्य लावलं. "आण्णा, तुम्ही माझ्याकडे चला."

"तिथं येऊन काय करू?"

"बसा. आराम करा."

"चौथ्या मजल्यावर? हितं मला भिंतीसुदिक वळखत्यात. तिथं मला लिफ्टची बटनं कोन दावनार?"

ही माझी पुतणी दिसायला वहिनींवर गेली आहे आणि हट्टाला आण्णांवर. ती ज्या कंपनीत आहे तिथं माणसाच्या आवाजावरून माणूस ओळखण्याचंच काम चालतं. कुणी फोनवरून बँकेचं कामकाज करायला लागलं की बोलणारा तो खरा तोच आहे का, ते यंत्रानं तपासायचं, आणि यंत्र फसतं कुठं ते हिनं आणि हिच्या टोळीनं शोधायचं. थोडक्यात दिवसभर चोराच्या डोक्यानं विचार करायचा पगार. तिनंच आण्णांना आवाजावर चालणारा फोन घेऊन दिला होता. पण कामावरची सुट्टी संपल्यामुळे तो बसवून द्यायचं काम नाइलाजानं माझ्याकडे आलं, आणि ते मी कसं बजावलं ते वर सांगितलंच आहे.

शेवटी बापलेकीत करार झाला. ती एका शनिवारी येणार, फोनची परीक्षा घेणार. आण्णा पडले-झडले, कुठंही असले, हात गुंतलेले असले तरी नुसत्या तोंडानं हाक मारून तिला फोन लावू शकले तर त्यांनी वस्तीवर राहायचं. नाही लावू शकले तर गाई विकायच्या आणि पुण्याला जायचं. आण्णांनी हो म्हटलं. पण त्या आठवड्यात त्यांनी दोनदा मला विचारलं, "बारक्या, फोन नीट शिकीवलाय ना रं?" मी चोपन्न वर्षांचा आहे, पण आण्णांना मी अजून बारक्याच. मी म्हटलं, "आण्णा, काळजीच नको."

शनिवारी पुतणी आली. चहा झाला. तिनं आण्णांना ओट्यावर बसवलं, फोन त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मारा हाक."

आण्णांनी मारली. फोननं ओ दिली. मी पुतणीकडे अशा नजरेनं पाहिलं की, बघ, काकानं बसवलाय.

"आता गोठ्यात जाऊन मारा."

गोठ्यातून फोन बोलला नाही. दुसऱ्यांदा बोलला. हौदाजवळ, शेजारी पाण्याची मोटर चालू असताना, बोललाच नाही. आण्णांचा चेहरा उतरायला लागला. मी धीर द्यायला पुढं झालो आणि म्हटलं, "आण्णा, असं जरा दमानं म्हणा," आणि म्हणून दाखवलं. मोटर चालू, मी दहा हातांवर, आणि फोन त्यांच्या छातीवरून लगेच म्हणाला, "बोला, काय मदत करू?"

पुतणीच्या भुवया वर गेल्या. "काका, पुन्हा म्हणा."

मी म्हटलं. फोननं ओ दिली.

"आण्णा, तुम्ही."

फोन गप्प.

"काका, तिकडं कांद्याच्या चाळीपाशी जाऊन म्हणा."

मी गेलो, म्हटलं. तिथंही त्या बेइमान यंत्रानं माझं ऐकलं. पुतणीनं मोटर बंद केली आणि वकिलासारखं विचारलं, "काका, फोन शिकवताना तोंड कुणाचं चाललं होतं?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं की मी काय सांगतोय. पुतणी हौदाच्या कठड्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हंजी इतके दिस ह्यो मला तू समजून बोलत हुता?"

"हो आण्णा."

"तरीच. मधीच यड्यावानी करायचा."

मग नव्यानं शिकवायचं ठरलं. पुतणीनं आधी फोनमधली माझी ओळख पुसून टाकली. मला, का कोण जाणे, जरा वाईट वाटलं. वाक्यं तिनं आण्णांना आधीच पाठ करून घेतली, फोन बंद ठेवून. खूण ठरवली की तिनं खांद्यावर बोट टेकवलं की पुढचं वाक्य म्हणायचं; ती स्वतः तोंडातून ब्र काढणार नाही. आणि मला गोठ्याच्याही पलीकडे पाठवून देण्यात आलं.

निघता निघता मी पाहिलं, आण्णा आत गेले आणि चाचपत तयारी करून आले. धुतलेली टोपी. शर्टाची वरची गुंडी लावलेली. तोंडात कवळी. एरवी ती ते भाकरी खाण्यापुरती आणि पाहुण्यांपुरती घालतात. खुर्चीत ताठ बसले आणि ग्रामसभेत बोलायला उठावं तसा घसा खाकरला. फोटो काढून घ्यायला बसतात ना माणसं, तसंच. त्यांना एवढंच कळलं होतं की कुणीतरी आपल्याला कायमचं ध्यानात ठेवणार आहे, आणि अशा वेळी माणसानं नीटनेटकं असावं.

या खेपेला फोन पक्का शिकला. ओटा, गोठा, हौद, सगळीकडून ओ आली. दुपारी जेवताना आण्णा भलतेच खुश होते. म्हणाले, "बाय, पन त्याला कळतं कसं गं? मला समजून सांग."

ती भाकरी मोडत म्हणाली, "आण्णा, तुम्ही काय बोललात ते तो इथं बघत नाही. कसं बोललात ते बघतो. तुमच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात जाडपणा किती, बारीकपणा किती, तो घशातून, नाकातून, दातांवरून कसा घुमून आला, ते मोजतो आणि सगळ्याची मिळून आकड्यांची एक रांग करतो. ती रांग म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही. पुढच्या वेळी कुणी हाक मारली की त्याची नवी रांग करायची आणि जुनीशी लावून बघायची. जवळ पडली तर आण्णा, लांब पडली तर परका."

"जवळ म्हंजी किती जवळ?"

"तेच तर ठरवावं लागतं. एक हद्द आखायची. अलीकडचा आपला, पलीकडचा परका."

"म्हंजी बांधच."

"बांधच."

आण्णांनी घास थांबवला. "मग बांध लई आत घेतला तर आपलंच रान भाईर पडायचं. आन भाईर सारला तर शेजाऱ्याचं चार काकर आपल्यात यायचं."

पुतणी माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, हे समजवायला आम्हाला नव्या मुलांचे दोन दिवस घ्यावे लागतात."

"त्यांना शेजारी नसंल," आण्णा म्हणाले.

तेवढ्यात तिला काय सुचलं, तिनं मला खूण केली. मी हाक म्हटली. फोन आता आण्णांचा आवाज शिकलेला होता, माझा नव्हता. तरी त्यानं मला ओ दिली! दुसऱ्यांदा नाही दिली, तिसऱ्यांदा दिली. मला नाही म्हटलं तरी गुदगुल्या झाल्या. मग तिनं आपल्या फोनवर आण्णांनी मध्यंतरी धाडलेला एक आवाजी निरोप काढला. त्यात आण्णांनी तिला कालवणाला काय केलं ते सांगितलं होतं आणि गंमत म्हणून ती हाकही मारून दाखवली होती. तिनं तो वाजवला. आण्णांच्या छातीवरचा फोन आण्णांच्याच रेकॉर्डला म्हणाला, "बोला, काय मदत करू?"

आण्णा समोर बसलेले, तोंड बंद, आणि त्यांचा फोन त्यांच्याच आवाजाशी बोलतोय. त्यांनी कान टवकारले. मग सावकाश म्हणाले, "म्हंजी त्याला मी म्हाईत न्हाई. माझा आवाज म्हाईत हाय."

पुतणीनं आपला फोन बंद करून ताटाशेजारी ठेवला.

"आमच्याकडं आणखी एक तपासणी असते," पुतणी म्हणाली, "आवाज जिवंत तोंडातून आलाय की स्पीकरमधून. पण आता तर कुणाचा थोडासा आवाज मिळाला तरी त्यावरून हवं ते वाक्य बनवून देणारी यंत्रं आलीत. आम्ही एक भोक बुजवतो, ते दुसरं पाडतात. या फोनची कंपनी तर स्वतःच लिहून देते की सारखा आवाज किंवा रेकॉर्डिंग याला फसवू शकतं. म्हणून आण्णा, बँकेचं काही या फोनवर ठेवायचं नाही. हे कुलूप नाही."

"मग काय हाय?"

तिला पटकन शब्द सापडेना. आण्णांनाच सापडला. "तुझ्या आज्जीचं म्हायेर शिंगणापूरचं. तिथं घरांना दारं न्हाईत. पन पडदे हायेत, फळ्या उभ्या करत्यात. चोरासाठी न्हवं. कुत्रं शिरू नये म्हनून."

"तेच हे," ती म्हणाली. "पडदा. भलत्याच माणसाच्या बोलण्यानं, टीव्हीच्या आवाजानं फोन उठू नये एवढ्यापुरता."

"मग बरं हाय की. आपल्याला कुठं चोर कोंडायचाय."

इथं गोष्ट संपली असती तर आण्णा पास झाले असते आणि मी संध्याकाळी घरी येऊन जेवलो असतो. पण पुतणीच्या धंद्यात पोटभर जेवलेल्या दुपारची परीक्षा धरत नाहीत. ती म्हणाली, "पडलात तुम्ही पहाटे. मी रात्री इथंच राहते. उद्या पहाटे नेहमीसारखे उठा, हौदापर्यंत जा आणि तिथून मला फोन लावा. मी आत असेन. फोन वाजला तर तुम्ही जिंकलात."

मीही राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिली चूक माझी होती.

पहाटे काठीच्या आवाजानं जाग आली. आण्णा निघाले होते. थंडी चांगली होती, अंगावर घोंगडी, गळ्यात फोनची पिशवी. मी चप्पल न घालता मागोमाग गेलो. ते हौदापाशी थांबले. हात चोळले. हाक मारली.

फोन गप्प.

पुन्हा मारली. गप्प. तिसऱ्यांदा आवाज चढवून मारली, आणि चढवल्यावर तर तो आवाज आण्णांचा मलाही वाटेना. गाईनं मान वळवून बघितलं. फोननं तेवढंही केलं नाही. आण्णा तसेच उभे राहिले. मोडून जुळलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. मी आयुष्यात त्यांना कुणाच्या पुढं असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. सावकारापुढं नाही, साहेबापुढं नाही. एका वीतभर यंत्रापुढं ते उभे होते आणि ते यंत्र त्यांना ओळख देत नव्हतं.

मग हळूच म्हणाले, "बारक्या, मागंच हायेस ना रं?"

"हो."

"तू म्हन."

मला कळलं ते काय सांगत होते. मी हाक मारायची, फोन उठणार, पुढचे दोन शब्द ते बोलणार, आत लेकीचा फोन वाजणार. ती धावत येणार, बाप हौदापाशी उभा. गाई राहणार, आण्णा राहणार. फोन फसेल हे काल तिनंच दाखवलं होतं. आणि माझी जीभ, जी आयुष्यभर नको तिथं आधी सुटते, ती त्या वेळी तेवढी अडली. पण आण्णांचं मी कधी मोडलेलं नाही. मी म्हटलं.

फोन लगेच म्हणाला, "बोला, काय मदत करू?"

आता आण्णांनी फक्त 'लेकीला फोन लाव' म्हणायचं होतं. पिशवीतून फोनचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. ओठ हलले. पण बोलले नाहीत. फोन थोडा वेळ वाट बघत राहिला आणि मिटून गेला. हनुवटीही अंधारात गेली.

"आण्णा, बोलला का नाहीत?"

"तुझ्या आवाजावर हितं किती दिस ऱ्हाऊ?" ते म्हणाले. "पडल्यावर तू कुठं असनार? नगरात. घोरत."

आणि मग त्यांनी घराकडं तोंड करून, कुठल्याही यंत्राशिवाय, हाक दिली, "एऽ बाय! ऊठ! ह्ये ऐकत न्हाई गं माझं!"

ती शाल गुंडाळत बाहेर आली. आण्णांनी स्वतःच सगळं सांगितलं. माझ्याकडून हाक मारून घेतली तेही. मी मान खाली घातली, अंधार होता तरी. ती रागावली नाही. ती ऐकत होती, पण काय सांगताहेत ते नाही, कसं सांगताहेत ते. अचानक म्हणाली, "आण्णा, कवळी कुठाय?"

"वाटीत. पान्यात."

"पडलात त्या दिवशी होती तोंडात?"

"येड लागलंय का? पहाटं कवळी कोन घालतंय? गाईंना काय दाखवायचीय?"

ती मटकन हौदाच्या कठड्यावर बसली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "काल मी फोनला पाहुण्यांसमोरचे आण्णा शिकवले. ताठ बसलेले, कवळी घातलेले, चहा प्यायलेले. दात नसले की जीभ वेगळी पडते, हवा वेगळी सुटते, सगळे आकडे हलतात. त्यात पहाटेचा घसा. आणि ज्या आण्णांना फोनची गरज पडणार ते हे. कामावर मी हेच लोकांना ओरडून सांगते की नमुना जिथं वापरायचा तिथला घ्या."

"मग आता?" मी विचारलं.

"आता पुन्हा शिकवायचं. काका, तुम्ही..."

"जातो गोठ्यापलीकडं," मी म्हटलं.

पण गेलो नाही. चाळीच्या आडोशाला तोंडावर हात ठेवून उभा राहिलो. तिनं सांगितलं, एक वाक्य उभ्यानं म्हणा, एक कवळी घालून, एक कवळीशिवाय, आणि एक त्या दिवशी पडला होतात तसं बसून, दमलेल्या आवाजात. शेवटच्याला आण्णा अडले.

"नाटक करू व्हय मी? कण्हत?"

"कण्हू नका. फक्त तिथं बसा."

ते बसले. हौदाच्या कडेला, ओल्या फरशीवर, हातानं चाचपत नेमकी तीच जागा काढून. पाठ कठड्याला टेकली. पुतणीनं खांद्यावर बोट टेकवलं. मग त्यांनी ती परकी हाक मारली, आणि ती इतकी बारीक, इतकी थकलेली निघाली की मला कळलं, दूधवाला येईपर्यंत ते कसे पडून होते ते आम्हाला त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. पुतणीचं बोट त्यांच्या खांद्यावरून उठेना.

फोननं खूण केली. शिकला.

मग सगळ्या परीक्षा पुन्हा. कवळीनं, बिनकवळीचं, बसून, उभ्यानं. आतल्या खोलीत पुतणीचा फोन खणखणत राहिला आणि ती प्रत्येक वेळी धावत जाऊन उचलायची, जणू पुण्याहूनच आलाय. एकदा मोटर लावल्यावर आण्णांचा फोन बहिरा झालाच, तेव्हा तिनं बजावलं की आधी मोटर बंद करायची, आणि नसेल करता येत तर पुन्हा पुन्हा मारायची. शेवटी तिनं मला बोलावलं. मी हाक मारली. फोननं मला खुशाल ओ दिली, कालच्यापेक्षाही तयारीनं.

"बघा," ती म्हणाली. "इतक्या तऱ्हेचे आण्णा आत घेतल्यावर काका जास्तच शिरतात. माझ्या ऑफिसात हे नापास झालं असतं."

"शिरू दे," आण्णा म्हणाले. "घरचाच हाय. मी भाईर राह्यला नाय पायजे."

दूधवाला आला, त्यानं आम्हा तिघांना त्या वेळी अंगणात बघून विचारलं, "काय, गाय व्याली का?" आण्णा म्हणाले, "न्हाई, फोन बारावी झाला."

निघताना पुतणीनं पिशवी त्यांच्या गळ्यात नीट केली, चार्जिंगला लावायची जागा हाताला पुन्हा दाखवली. म्हणाली, "राहा. उन्हाळ्यापर्यंत राहा. मग बघू." आण्णांनी 'मग बघू' ऐकलंच नाही असं दाखवलं आणि गाईला हाका मारत गोठ्यात गेले.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. आकड्यांची रांग, बांध, पडदा, कवळी, आणि माझ्या आवाजाची कीर्ती जरा जास्तच रंगवून. ती मेथी निवडत होती. शेवटपर्यंत तिनं ऐकून घेतलं, मधे एकदा हसलीही. मग देठं बाजूला सारत म्हणाली, "अहो, सगळं ठीक आहे. पण रोज पहाटे तुम्हीच त्यांना एक फोन लावत जा ना. तुम्हाला येतो ना ओळखू त्यांचा आवाज, कवळी नसली तरी?"